२६ जुलैचा हुकूम

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात आम्ही एक गोष्ट सांगितली आणि त्या गोष्टीत आम्हीच पकडले गेलो. या वेळच्या लेखात आधी ती चूक सांगतो, मग दुरुस्त केलेली गोष्ट सांगतो. आमच्या वाचकांपैकी कितीतरी अम्मी-अब्बा रात्री मुलांचा इतिहासाचा अभ्यास घेतात. त्यांना ती सांगायला उपयोगी पडेल.

पुस्तकातला परिच्छेद चार ओळींचा. त्याचा आशय असा: 'राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखीव ठेवण्याचा हुकूम काढला.' पुढे दोन वाक्ये शिक्षणाविषयी. परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांचा. मुले तारीख पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. अर्धी मुले तर २६ जुलैच्या जागी २६ जून लिहून येतात, कारण २६ जून ही महाराजांची जयंती. दोन्ही तारखा डोक्यात एकमेकींवर चढतात.

आमच्या लहानपणी दादी रात्री किस्से सांगायची. तिचा किस्सा एकदा ऐकला की विसरत नसे. म्हणून आम्ही ठरवले, हा परिच्छेद दादीसारखा सांगायचा. वर्गात सुरुवात केली: 'कोल्हापुरात आषाढाचा पाऊस कोसळतोय. राजवाड्यातल्या दालनात दिवा जळतोय. महाराज कागदावर वाकलेत. लेखणी उचलतात, थांबतात, दिवाणांना म्हणतात...' वर्ग अगदी गप्प. आम्हीही खूश.

तेवढ्यात मधल्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, "सर, तुम्हीच मागच्या तासाला सांगितलं की १९०२ साली महाराज विलायतेला गेले होते, राज्यारोहणाला. मग ते परत कधी आले?"

आम्ही खडू खाली ठेवला. मुलगी बरोबर होती. २६ जुलैला महाराज कोल्हापुरात नव्हते. राजवाड्यातला दिवा, थांबलेली लेखणी, दिवाणांशी बोलणे, सगळे आमच्या पदरचे होते. तारीख बरोबर, माणूस चुकीच्या गावी. असली चूक फार वाईट, कारण ऐकणाऱ्याला दिवाच आठवत राहतो आणि खरी हकिकत त्याच्या मागे झाकली जाते.

त्या दिवशी घरी जाऊन आम्ही परिच्छेद पुन्हा वाचायला घेतला, तो पेन्सिल घेऊन. ज्या गोष्टीला हात लावायचा नाही तिच्याखाली रेघ ओढली: तारीख, ५० टक्के हा आकडा, महाराजांचे नाव आणि 'मागासवर्गीय' हा शब्द. मग प्रत्येक रेघेपाशी थांबून एकेक साधा प्रश्न विचारला. त्या दिवशी वार कोणता होता? तो माणूस त्या दिवशी कुठे होता? हुकमात नेमके काय होते? आणि त्या शब्दाचा अर्थ तेव्हा काय होता, आज आपण लावतो तोच की वेगळा?

वार निघाला शनिवार. हिजरी सन १३२० चा रबीउस्सानी महिना चालू होता. महाराज विलायतेच्या दौऱ्यावर होते. हुकूम छापला गेला तो करवीर सरकारच्या गॅझेटात, म्हणजे सरकारी हुकूम प्रसिद्ध करण्याच्या पत्रकात. आणि हुकमाचा मजकूर वाचला तेव्हा कळले, की राजवाड्यातल्या दिव्याची काही गरजच नव्हती. चांगले बारकावे त्या कागदातच होते, आम्ही ते वाचले नव्हते एवढेच.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही वर्गाची माफी मागितली आणि गोष्ट नव्याने सांगितली. ती अशी.

'ऐका मुलांनो. साल १९०२, जून महिना. लंडन शहर सजलेय. राणी व्हिक्टोरिया जाऊन दीड वर्ष होत आले, आणि तिचा मुलगा सातवा एडवर्ड याच्या डोक्यावर मुकुट चढायचाय. तारीख ठरलीय गुरुवार, २६ जून. साम्राज्यातून ठिकठिकाणचे राजे आलेत. त्यांत आपल्या कोल्हापूरचे राजे आहेत. अंगापिंडाने थोराड, कुस्तीचा शौक असलेले. वय किती? ज्या दिवशी मुकुट चढायचाय, त्याच दिवशी त्यांना अठ्ठाविसावे वर्ष पूर्ण होणार. त्यांचा जन्म २६ जून १८७४ चा.

पण झाले भलतेच. मंगळवारी, २४ जूनला, राजाच्या पोटावर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. आपण अपेंडिक्स म्हणतो ना, त्याचे दुखणे. सोहळा दोन दिवसांवर आलेला आणि राजा बिछान्यावर! सोहळा पुढे गेला तो ९ ऑगस्टपर्यंत. म्हणजे २६ जून ही तारीख लंडनच्या हातून निसटली. आपल्याकडे मात्र ती राहिली, महाराजांची जयंती म्हणून. आता एक महिना पुढे चला.

शनिवार, २६ जुलै. महाराज अजून सातासमुद्रापार. इकडे कोल्हापुरात गॅझेट छापून निघते आणि त्यात महाराजांचा एक हुकूम आहे. राजा परदेशात, पण हुकूम त्याच्या राज्यात पोचलाय.

आता तो कागद शिरोळला आणू या. आपले शिरोळ तेव्हाही तालुक्याचे ठाणे होते, कोल्हापूर संस्थानात. कागद कसा आला ते कुणी लिहून ठेवलेले नाही, तेव्हा मी "असेल" म्हणेन, तुम्हीही "असेल" म्हणा. कोल्हापूर ते मिरज आगगाडी १८९१ पासून चालू होती. कागदांची थैली गाडीने आली असेल, नाहीतर टपालवाल्याने आणली असेल. पाऊस असेल, कारण आषाढ होता. कचेरीत एखाद्या कारकुनाने कागद उलगडला असेल आणि वाचायला घेतला असेल.

आता "असेल" संपले. कागदात काय होते ते पक्के ठाऊक आहे.

सुरुवातीलाच महाराज एक अपयश कबूल करतात. सगळ्या प्रजेने शिकावे म्हणून संस्थानात प्रयत्न झाले, पण मागे राहिलेल्या वर्गांत त्याला हवे तसे यश आले नाही, याची खंत त्यांनी नोंदवलीय. आणि मग कारण सांगितलेय. या वर्गातली मुले मठ्ठ आहेत, असे ते म्हणत नाहीत. आईबाप आळशी आहेत, असेही म्हणत नाहीत. ते म्हणतात की उच्च शिक्षणाचे फळ पुरेशा लोकांपर्यंत पोचत नाही, म्हणून शिक्षण रुजत नाही.

मग हुकूम. हा कागद मिळाल्या दिवसापासून ज्या जागा रिकाम्या होतील, त्यांतल्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतल्या माणसांनी भराव्यात. ज्या कचेरीत आज या वर्गांची माणसे निम्म्यापेक्षा कमी आहेत, तिथे पुढची नेमणूक याच वर्गांतल्या माणसाची व्हावी. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी, केलेल्या सगळ्या नेमणुकांचा तक्ता पाठवावा.

बघा, हुकूम "मिळाल्या दिवसापासून" लागू आहे. म्हणजे गॅझेटाची तारीख २६ जुलै. पण शिरोळच्या कचेरीत तो लागू झाला कधी? ज्या दिवशी कागद टेबलावर आला त्या दिवशी. त्या कारकुनाने कागद उलगडला आणि त्याच क्षणी नियम बदलला.'

इथे आम्ही थांबलो. वर्गात पाच-सहा हात वर होते.

पहिला प्रश्न एका मुलाचा. दर तीन महिन्यांनी तक्ता कशाला? आम्ही त्यालाच उलट विचारले, तुझी अम्मी दुकानातून सामान आणायला सांगते तेव्हा परत आल्यावर काय विचारते? तो म्हणाला, "हिशेब." तेच. नुसता हुकूम काढला तर कचेऱ्या तो फायलीत ठेवून देतात. महाराजांनी हुकमातच हिशेबाची सोय करून ठेवली. त्याची गरज का होती ते आकड्यांवरून दिसते. १८९४ साली महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच समाजाचे, म्हणजे ब्राह्मण अधिकारी होते. याचे मुख्य कारण असे, की लिहिण्यावाचण्याची परंपरा त्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती आणि इतर घरांत ती पोचलीच नव्हती. १९१२ साली अशा ९५ जागांपैकी ३५ जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. दहा वर्षांत चित्र बदलले, पण एका रात्रीत नाही. जागा रिकामी झाली की मगच ती भरली जायची. कुणालाही नोकरीवरून काढा, असे हुकमात कुठेही नाही. गोष्ट सांगताना हे सोडून दिले तर मुलांना वाटते, दुसऱ्याच दिवशी निम्म्या खुर्च्या बदलल्या.

दुसरा प्रश्न मागच्या बाकावरून आला. हा मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. शाळा सुटली की तो अब्बांच्या गॅरेजवर जातो. त्याने विचारले, "सर, त्यात आपण होतो का?"

'आपण' म्हणजे कोण, ते त्याला सांगावे लागले नाही. पुस्तकात 'मागासवर्गीय' असा एकच शब्द आहे आणि आज त्या शब्दाचा जो अर्थ डोक्यात येतो, त्यावरून मुलाला वाटले की ही गोष्ट दुसऱ्या कुणाची तरी आहे. पेन्सिलीची रेघ त्या शब्दाखाली ओढली होती ती याचसाठी. उत्तर हुकमाच्या शेवटच्या कलमात आहे. मागासलेले वर्ग कोणते, हे सांगताना हुकमाने जातींची यादी दिलेली नाही. उलटे केलेय. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि असेच इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सगळे, असे म्हटलेय. म्हणजे मराठा त्यात, धनगर त्यात, महार-मांग त्यात, जैन-लिंगायत शेतकरी त्यात. आणि शिरोळचा पिंजारी, बागवान, मोमीनही त्यात. पुढारलेल्यांच्या नावांत मुसलमानांचे नाव नाही.

मुलगा एवढेच म्हणाला, "मग पुस्तकात का नाही लिहिलं?" आम्ही म्हटले, चार ओळींत सगळे मावत नाही. म्हणून तर गोष्ट सांगायची.

वर्गात कुणीतरी विचारेलच, की कागदावर नाव होते, पण पुढे काही झाले का? तेव्हा या गोष्टीला एक शेपूट जोडावे लागते आणि तेही तारखेसह. नोकरीत जागा ठेवली, पण त्या जागेपर्यंत पोचायला मुलगा शिकलेला हवा. शिकायचे तर खेड्यातून कोल्हापुरात येऊन राहावे लागणार. राहायचे कुठे आणि खायचे काय? महाराजांचे उत्तर होते वसतिगृह. १९०१ साली मराठा मुलांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग निघाले होते. १९०६ साली त्यांनी मुस्लिम समाजातल्या पुढाऱ्यांना एकत्र बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले. कोल्हापूरला दसरा चौकात गेलात तर ते आजही दाखवता येते. गोष्टीतली एखादी जागा मुलाला पायाने चालत जाऊन बघता आली, तर त्या तारखेला आधार मिळतो.

आता गोष्ट सांगणाऱ्याने काय टाळायचे, तेही आमच्या अनुभवावरून सांगतो, कारण गोष्ट सांगून झाल्यावर आम्ही मुलांनाच ती लिहायला दिली आणि त्यांच्या वह्यांत सगळे खड्डे दिसले.

एकाने फार छान लिहिले होते, की कागदाची थैली जयसिंगपूर स्टेशनवर उतरली आणि तिथून बैलगाडीने शिरोळला आली. वाचताना आम्हालाही खरे वाटले. पण १९०२ साली जयसिंगपूर नव्हतेच! ते गाव शाहू महाराजांनीच पुढे १९१७ च्या सुमारास आपले जनक वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसवले. आपण जे रोज पाहतो ते नेहमीच होते, असे आपण धरून चालतो. गोष्टीत एखादे गाव, पूल, रस्ता किंवा वस्तू आली, की ती तेव्हा होती का, हे विचारायचे. ठाऊक नसेल तर 'थैली आली' एवढेच लिहायचे. बैलगाडी गाळली म्हणून गोष्ट अडत नाही.

दुसऱ्या वहीत महाराज कारकुनाला म्हणतात, "माझ्या प्रजेतला एकही मुलगा मागे राहता कामा नये." वाक्य सुंदर, पण महाराज असे म्हणाल्याचा पुरावा काय? आपल्याकडे रिवायत ऐकली की पहिला प्रश्न असतो, रावी कोण? सांगणारा कोण, त्याने कुणाकडून ऐकले? इतिहासालाही हाच प्रश्न लावायचा. ज्याचे नाव इतिहासात आहे त्याच्या तोंडी आपले वाक्य घालायचे नाही. त्याने लिहिलेले असेल तर तेच आपल्या शब्दांत सांगायचे. बोलणे हवेच असेल तर बिननावाच्या माणसाला बोलू द्यावे, आणि तेही 'म्हणाला असेल' असे. आमच्या वर्गात आता 'असेल' हा शब्द नियमच झालाय. एखाद्याने तो गाळला की बाकीची पोरे ओरडतात, "सर, असेल राहिलं!"

तिसरी गोष्ट तारखेची. एका मुलीने २६ जुलैला महाराजांचा वाढदिवसही करून टाकला. तिला आम्ही लंडनचा मुकुट आठवायला सांगितला: जूनमध्ये मुकुट हुकला, जुलैत हुकूम निघाला, ऑगस्टमध्ये मुकुट चढला. तेव्हापासून ती चुकली नाही. तारखा नुसत्या पाठ केल्या तर सुट्या मण्यांसारख्या घरंगळतात. एकीला दुसरीच्या आधी-नंतर बसवले की जागच्या हलत नाहीत.

शेवटी एक परीक्षा असते, ती मुलाची नव्हे, गोष्टीची. गोष्ट ऐकून झाल्यावर पुस्तक मिटायचे आणि मुलाला चार ओळींत उत्तर लिहायला सांगायचे. त्या चार ओळींत तारीख, आकडा, कुणी, कुणासाठी आणि का, हे सगळे आले तर गोष्ट पास. फक्त पाऊस, आगगाडी आणि राजाचे पोटदुखणे आले, तर सांगणाऱ्याने बारकावे फार केले, त्यातले काही काढावे. आमच्या पहिल्या गोष्टीची ही परीक्षा घेतली असती तर निम्म्या वर्गाने दिव्याबद्दलच लिहिले असते.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाचे अब्बा पुढे पालकसभेला आले होते. हाताला ऑइलचा काळा डाग, बसायला तयार नव्हते. म्हणाले, "सर, दहावीपर्यंत शिकवतो. पण खरं सांगा, शिकून आमच्या पोराला कोण नोकरी देतंय? त्यापेक्षा हातात पाना बरा."

आम्ही लगेच काही बोललो नाही. हे वाक्य आम्ही याआधी ऐकले होते, आणि त्यावर नेहमीप्रमाणे तालीमचे महत्त्व सांगायला लागलो असतो. पण या वेळी १९०२ चा कागद आठवला. त्या कागदाच्या पहिल्याच परिच्छेदात हेच लिहिले आहे: शिकून हाती काही येत नाही असे दिसले, की माणूस शिकत नाही. गॅरेजवाल्या भाईंनी विचारलेला प्रश्न एका राजाने सव्वाशे वर्षांपूर्वी ऐकला होता आणि त्याचा दोष विचारणाऱ्यावर टाकला नव्हता.

आम्ही त्यांना म्हटले, "भाईजान, आज रात्री पोराला २६ जुलैची गोष्ट सांगायला सांगा. त्याला ती येते." ते हसले, 'बरं' म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मुलगा वर्गात आला. आम्ही विचारले, सांगितलीस का? म्हणाला, "सांगितली. अब्बा म्हणाले, तो तीन महिन्यांचा तक्ता आजबी पाठवत्यात का, ते सरांना विचार."

त्याचे उत्तर शोधायला आम्ही त्याच्या बाकालाच सांगितले आहे. वर्षअखेरीपर्यंतची मुदत आहे.